दोन मिनिटं चाळीस सेकंद

आमच्या फुटबॉल लीगमध्ये त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधणारा रेफरी. उजव्या हाताचं घड्याळ शिट्टी वाजली की सुरू व्हायचं आणि हाफ संपेपर्यंत थांबायचं नाही. डाव्या हाताचं मात्र खेळ अडला की काका थांबवायचे. खेळाडू बदलला, कुणी जखमी झाला, कुणी मुद्दाम वेळ काढला, गोल करून मिठ्या मारत बसले, की डावं बंद. खेळ सुरू झाला की पुन्हा चालू. उजव्यात पंचेचाळीस मिनिटं झाली की डावं जितकं मागे असेल तितका वेळ वाढवून द्यायचा. बदलीला अंदाजाने अर्धं मिनिट धरणारे पुष्कळ आहेत. काकांना अंदाज चालत नसे. थ्रो-इन आणि गोलकिक हा खेळाचाच भाग, त्यासाठी ते घड्याळ थांबवत नसत. पण कुणी तिथे उगाच रेंगाळलं तर बोट बटणावर गेलंच म्हणून समजा.

मी फ्रिज दुरुस्त करतो आणि शनिवारी चौथा पंच म्हणून मैदानाबाहेर वाढीव मिनिटांची पाटी धरतो. एकदा मी त्यांना म्हणालो होतो, "काका, मला वाटतं तीन मिनिटं व्हायला हवीत." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वेळ मी ठेवतो. तुम्ही पाटी धरा." मला राग आला आणि तो मी जपून ठेवला. पुढे काय झालं ते त्या रागामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो.

जगात काकांचं एकच माणूस होतं. त्यांच्याच इमारतीत एक मजला वर राहणारा कोच. एका कारखान्याच्या टीमला शिकवायचा. दर रविवारी पाच वाजता खाली यायचा, दोन कप चहा व्हायचा आणि बुद्धिबळाचा डाव मांडला जायचा. वीस वर्षं हे चालू होतं. सामन्याबद्दल बोलायचं नाही असा दोघांचा ठराव होता. तेवढा एक संध्याकाळचा आवाज सोडला तर त्या घरात नळ आणि पंखा, बस्स.

सीझनचा शेवटचा सामना कोचच्या टीमचा होता. हरले तर खालच्या गटात जाणार आणि मालक टीमच बंद करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बरोबरी झाली तरी वाचणार होते. रेफरींची यादी महिनाभर आधी लागलेली, त्यात काकांचं नाव. आमच्या एवढ्याशा लीगमध्ये कोण कुणाचा नाही?

पहिल्या हाफमध्ये समोरच्यांनी गोल केला. मग चौतिसाव्या मिनिटाला कोचचा फॉरवर्ड आणि समोरचा गोलकीपर यांची डोकी आपटली. फॉरवर्ड हलेना. काका धावत गेले, गुडघ्यावर बसले आणि डॉक्टर येईपर्यंत दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरून राहिले. दोन्ही हातांनी. डावं घड्याळ चालूच राहिलं.

मी माझ्या कागदावर वेळा लिहीत होतो. स्ट्रेचर आलं, बदली खेळाडू आत गेला, खेळ सुरू झाला. एकूण दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्याशिवाय गोलचा जल्लोष आणि आधीची एक बदली मिळून एक मिनिट दहा सेकंद. म्हणजे पावणेचारच्या वर. पंचेचाळिसाव्या मिनिटाला काकांनी मैदानातून एक बोट दाखवलं. एक!

मला तिथेच धावत जायला हवं होतं. चौथा पंच आणखी कशासाठी असतो? पण मनात आलं, वेळ ते ठेवतात, मी पाटी धरतो. पाटीवर एक लावला आणि उंच धरली. कोचची टीम गोलपाशी घिरट्या घालत होती तेव्हा काकांनी शिट्टी वाजवली.

पंचांच्या खोलीत मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डावं घड्याळ पाहिलं, कागद पाहिला आणि बाकावर बसले.

"दुसऱ्या हाफमध्ये घालून टाका," मी म्हणालो. "कोणाला कळतंय?"

"पहिल्या हाफची चूक दुसऱ्यात भरून काढता येत नाही. नियमच आहे तसा."

"मग कुणाला बोलू नका. कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

ते उठले आणि दोन्ही कोचना बोलावून सरळ सांगून टाकलं. मूग गिळून गप्प बसायला काय जात होतं या माणसाचं! समोरच्या कोचने खांदे उडवले. आपला कोच जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे, होतं असं. आता दे मला तो वेळ."

"देता येत नाही."

"माझा होता तो."

"तुझाच होता," काका म्हणाले. "पण देता येत नाही."

दुसऱ्या हाफमध्ये तीन बदल्यांना दीड मिनिट गेलं, पाय मुरगळलेल्याला बाहेर न्यायला दोन मिनिटं. गोलकीपर रेंगाळत होता त्याला पिवळं कार्ड, त्यात पन्नास सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद झाले. काकांनी चार बोटं दाखवली. पाटीवरचा आकडा कमीत कमी असतो. तिथून वेळ वाढू शकतो, घटू शकत नाही. त्या वाढीव वेळातही समोरच्यांनी एक खेळाडू बदलला, तो देवदर्शनाला निघाल्यासारखा चालत बाहेर आला. आणखी चाळीस सेकंद. उजव्यात बरोबर पन्नास मिनिटं झाली, डाव्यात पंचेचाळीस. चेंडू मैदानाच्या मध्यावर होता, कोचची टीम अजून एका गोलने मागेच. काकांनी शिट्टी वाजवली.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद!" कोच ओरडत होता. तो काकांच्या समोर येऊन उभा राहिला. "दोन घड्याळं आहेत तुझ्याकडे. माणूस एक होता." एवढंच बोलून तो गेला.

काकांनी रिपोर्टमध्ये आपली चूक लिहिली. पुढच्या सीझनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो, रविवारीच. दार अर्धं उघडं होतं. टेबलावर डाव मांडलेला, दोन कप उपडे ठेवलेले. दोन्ही घड्याळं खिडकीत पडली होती. पाच वाजता जिन्यात पावलं वाजली, वरून खाली आली, दारापाशी जराही न थांबता पुढे उतरून गेली. काका मान वर करून ऐकत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"काका, मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणालो. "पाटी उचलायच्या आधीच. मी धावत यायला हवं होतं."

"माहीत आहे. तुमच्या कागदावर वेळा होत्या ना."

"मग रिपोर्टमध्ये माझं नाव का नाही लिहिलंत?"

"वेळ मी ठेवतो," ते म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून.

मी विचारलं, "तो येणार नाही, काका. असं किती दिवस थांबणार?"

"बघू. अजून वाढवता येईल."

ते चहा टाकायला उठले. टेबलावरचे दोन्ही कप त्यांनी तिथेच राहू दिले आणि माझ्यासाठी कपाटातून तिसरा काढला.