ढाब्यावर वाचायचं पत्र

जया अंबाजोगाईची. नवरा शैलेश हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरीला, म्हणून दोघं जवळच्या माण गावात भाड्याने राहायला आलेली. घरमालकाचे मेहुणे हैबतराव. त्यांचं पौडला पशुखाद्याचं दुकान. "पत्रं लिहायला आणि कॉम्प्युटरवर बिलं चढवायला बरं माणूस मिळंना," असं ते एकदा जेवताना म्हणाले, तेव्हा ताटात आमटी वाढणारी जया म्हणाली, "मी येऊन बघू का?" तेव्हापासून ती आठवड्यातले काही दिवस स्कूटर घेऊन पौडला जाते. पेंडीचा वास आता तिच्या ओढणीला कायमचा बसलाय, आणि त्याचं तिला वाईट वाटत नाही.

त्या मार्चअखेरीस हैबतरावांनी उधारी बंद करायची ठरवली. आता सगळे मोबाईलवरून पैसे देतात, खाती ठेवायची कशाला? बहुतेकांनी येऊन हिशेब मिटवले. शेवटी एकच खातं उरलं. ताम्हिणीच्या अलीकडच्या धनगरवस्तीवरच्या तुकाबाईंचं. बाकी सहाशे चाळीस रुपये.

"हे पैसे आता येत नाहीत," कर सल्लागार मनीष स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "तीन वर्षं उलटून गेलीत, कोर्टात जाता येणार नाही. आणि गेलात तरी वकिलाचा चहाच याच्यापेक्षा महाग पडेल. काढून टाका. सॉफ्टवेअरमध्ये पत्राचा नमुना आहे, छापा आणि पाठवा."

जयाने नमुना काढला. त्यात होतं: "आपल्या खात्यावरील थकबाकी वसूल होण्याची शक्यता नसल्याने ती बुडीत म्हणून निर्लेखित करण्यात येत आहे. आपले खाते बंद करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

तिने ते दोनदा वाचलं. धन्यवाद शेवटी असा चिकटवला होता, जसा कुणी दार लावता लावता म्हणावा.

"अण्णा, ह्या तुकाबाई इतक्या वर्षांत का नाही आल्या?"

हैबतराव सरकी पेंडीची पोती मोजायला लागले, जी सकाळीच मोजून झाली होती. उत्तर दिलं दारात टेकलेल्या गेणबाने. गेणबा घाटातल्या गावांतून दूध गोळा करून पौडच्या डेअरीवर आणतो, आणि परत जाताना वर जाणारी पत्रं, औषधं, निरोप, सगळं त्याच्याच टेम्पोतून जातं.

"ताई, मागल्या कारकुनानं तिला पत्र धाडलं व्हतं. थकबाकी भरा, न्हाईतर कायदेशीर कारवाई करू. मी घाटातल्या ढाब्यावर थांबलो, मावशी तितंच बसल्याली. म्हनली, वाच रं. मी वाचलं."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय कानात वाचू? तिला वाचता येत न्हाई, आन् माझा आवाज हा असा. दुधाचे समदे लोक हजर. तवापासनं मावशीनं हितली पायरी चढली न्हाई. कोळवणाहून पेंड नेती, दुप्पट भाडं देऊन."

"मला काय म्हाईत तो कारकून असं लिवंल," हैबतराव पोत्यांकडे बघतच म्हणाले. "सही मी न वाचता केली."

जयाला एकदम सगळं दिसलं. हे पत्रही त्याच ढाब्यावर, त्याच आवाजात वाचलं जाणार. "बुडीत" हा शब्द गेणबाच्या तोंडून निघाला की चहाचे कप जागच्या जागी थांबणार, आणि म्हातारीचा उरलेला मानही त्या सहाशे चाळिसात जाणार.

"मग पाकिटात घालून चिकटवून द्यायचं का?" तिने विचारलं.

गेणबा हसला. "बंद पाकीट? ताई, वस्तीवर बंद पाकीट गेलं की लोक म्हनत्यात, पोलिसाचं हाय."

"मग रक्कमच नको लिहायला. नुसतं खातं बंद झालं म्हणू."

"ते न्हाई चालायचं," गेणबा म्हणाला. "आकडा न्हाई सांगितला तर लोक हजारात लावतील. आत्ताच काही जण म्हनत्यात, मावशीनं शेठचे चाळीस हजार बुडवले."

हैबतरावांनी पहिल्यांदा मान वर केली. "चाळीस हजार? कोन म्हनतं?"

"समदेच."

मनीष निघता निघता थांबला होता. "रक्कम लिहाच. नाहीतर नेमकं काय बंद झालं ते कळणार नाही. आणि अजून एक. मन राखायला म्हणून 'पैसे मिळाले' असं लिहू नका. मिळाले नाहीत. मिळाले लिहिलं तर ते जमेला कुठे दाखवणार?"

"खोटं नाही लिहायचं," जया म्हणाली. "पण हिशेबातून काढलं म्हणजे मागणं सोडलं असं होतं का?"

"आपल्या वहीपुरतं निघालं. मागणं सोडलंय हे वेगळं सांगावं लागतं. नाहीतर उद्या कुणी विचारलं तर ते उभंच आहे."

"अण्णा, पुन्हा मागणार का?"

"न्हाई. कदीच न्हाई."

"मग तसंच लिहिते."

ती लिहायला बसली. पहिला मसुदा तिने मनात वाचला, बरा वाटला. मग उठून मोठ्याने वाचला, गेणबासारखा, आणि तिथेच तो कोसळला. वाक्यं लांब, श्वास पुरेना, आणि सहाशे चाळीस पहिल्याच ओळीत. ऐकणारा पहिली ओळ ऐकून मत बनवून मोकळा होणार. आकडा खाली गेला पाहिजे, आणि त्याच्या आधी काहीतरी भरभक्कम यायला हवं. आभार. पण "सहकार्याबद्दल" असले नव्हेत.

"अण्णा, ह्या बाईंनी दुकानासाठी काय केलं?"

"काय करनार? गिऱ्हाईक व्हती."

"कधीपासून?"

हैबतराव कपाट पुसत असल्यासारखं करत म्हणाले, "पहिल्या दिसापासनं. तवा हितं पत्र्याचं शेड व्हतं. सकाळपासनं कुनी फिरकलं न्हाई. मी शटर वढणार, तेवढ्यात ही बया डोक्यावर चुंबळ घेऊन आली. म्हनली, हैबता, पोतं दे. मीच पहिलं घेती, न्हाईतर लोक म्हनतील चालत न्हाई."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

"असलं सांगत्यात का?"

"आता सांगायचं," जया म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.

दुपार कलली तरी ती लिहीत होती, खोडत होती, मोठ्याने वाचत होती. जंतनाशक न्यायला आलेली गिऱ्हाइकंही थांबून ऐकत होती. एकजण म्हणाला, "निर्लेखित म्हंजी काय, ताई?" तो शब्द तिथेच गेला. "बुडीत" तर आधीच गेला होता. वहीत तो मनीष मांडेल, पत्रात त्याला जागा नव्हती. शेवटी हैबतराव स्वतः तिच्या मागे येऊन उभे राहिले. "मागल्या पत्राचंबी लिव," ते हळू म्हणाले. "ते चुकलं म्हनून लिव."

छापून झालं तेव्हा पत्र असं होतं:

"तुकाबाई मावशींना नमस्कार. आमचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये होतं. पहिल्या दिवशी पेंडीचं पहिलं पोतं तुम्ही नेलंत. तेव्हापासून तुम्ही घाटातून इथवर येत राहिलात. हे दुकान उभं राहिलं, त्यात तुमचा हात आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

आता आम्ही उधारीची सगळी खाती बंद केली आहेत. तुमच्या खात्यावर फक्त सहाशे चाळीस रुपये बाकी होते. ते आम्ही हिशेबातून काढून टाकले आहेत. ही रक्कम आम्ही पुन्हा कधीही मागणार नाही. दुकानाच्या नावाने दुसऱ्या कुणी मागितली, तर हे पत्र दाखवावं. ३१ मार्च रोजी तुमचं खातं बंद झालं. दुकानाचं तुमच्याकडे आता काहीही येणं नाही.

मागे कारवाईचं पत्र पाठवलं होतं. ते तसं लिहायला नको होतं. ते रद्द समजावं. दुकानात तुमचं नेहमीसारखंच स्वागत आहे."

हैबतरावांनी ह्या वेळी अख्खं वाचलं, मग सही केली. शिक्का मारला. एक प्रत फाईलला लागली. गेणबाने पत्र खिशात घातलं, तर जया म्हणाली, "गेणबा, 'फक्त' म्हणताना जरा जोर द्या."

"शिकवू नगा, ताई. भजनात म्हनतो मी."

दुसऱ्या दिवशी गेणबा आला तो टेम्पो बंद न करताच आत शिरला. "वाचलं," म्हणाला. "ढाब्यावरचा भजीवाला झारा धरून उभा. 'फक्त सहाशे चाळीस' म्हनलं आन् सगळे एकमेकांची तोंडं बघाया लागले. चाळीस हजारवाले तर चहा न पिताच उठले."

"आणि तुकाबाई?"

"म्हनली, परत वाच. परत वाचलं. मग पत्र घेतलं, कनवटीला लावलं आन् गेली."

एवढंच. हैबतराव दिवसभर रस्त्याकडे बघत राहिले. त्यानंतरचेही काही दिवस बघत राहिले. जयाला वाटायला लागलं, आपण पत्र चांगलं लिहिलं, पण पत्र म्हणजे काही माणूस नव्हे.

बाजाराच्या दिवशी दुकान गच्च भरलेलं असताना पायरीवर एक नऊवारी हिरवं लुगडं दिसलं. मागे मुलगा बिरदेव, रिकामी चुंबळ हातात घेऊन. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"कोन हाय ते पत्र लिवणारी?" तुकाबाईंनी विचारलं.

जया उठून उभी राहिली. "मी, मावशी."

"तू व्हय. केवढीशी हायेस." त्यांनी कनवटीतून घडी काढून टेबलावर उलगडली. "ह्यात येक चुकलंय."

जयाने पत्रावर भराभर नजर फिरवली. तारीख? रक्कम?

"पहिलं पोतं न्हाई. दोन पोती नेली मी. येक माझ्या डोक्यावर, येक ह्या बिरदेवच्या बापाच्या. इचार हैबताला."

हैबतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दोनच व्हती, मावशी. म्या कमी सांगितलं."

"आकडा कमी सांगायची सवय तुझी जुनी."

अख्खं दुकान हसलं. सगळ्यात मोठ्याने हैबतराव. जयाने पेन उचललं, "पहिलं पोतं" वर रेघ मारली, वर "पहिली दोन पोती" लिहिलं, आणि पत्र हैबतरावांकडे सरकवलं. त्यांनी दुरुस्तीशेजारी सही केली.

बिरदेवने खिशात हात घातला. "आये, ते सहाशे चाळीस देऊन टाकू का?"

"काय म्हनून?" तुकाबाई म्हणाल्या. "खातं बंद झालंय, शिक्का हाय. ढाब्यावर वाचल्यालं मी उकरू का?" मग हैबतरावांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "दोन पोती दे. रोख. आन् भाव नीट लाव, मी पहिलं गिऱ्हाईक हाय."

हैबतराव स्वतः आत गेले, आणि दोन्ही पोती स्वतःच्या खांद्यावरून बाहेर आणली. जयाने रोखीचं बिल फाडलं. तुकाबाईंनी ते न बघता घडीत ठेवलं, पत्राच्या आत, आणि ज्या पायरीने आल्या होत्या त्याच पायरीने, मधोमध, उतरल्या.