भट्टी नसलेल्या दुकानाचा निबंध

आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाईंना मी सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहतोय. मी विज्ञान शिकवतो, म्हणजे पुस्तकातलं वाचून दाखवतो. बाई निबंध शिकवतात, म्हणजे निबंध सांगतात आणि पोरं उतरवून घेतात. त्यांची एक निळ्या कव्हरची वही आहे. तिच्यात चाळीस आदर्श निबंध, स्वतः बाईंनी लिहिलेले. तालुकाभर त्यांच्या झेरॉक्स फिरतात. एवढा मान मिळाला की माणूस जरा फुगतोच, तशा बाईही फुगल्या होत्या. मी तर त्या वहीला मनातल्या मनात लोणच्याची बरणी म्हणायचो.

यंदा शहरातल्या निवासी शाळेचं पत्रक आलं. आठवीच्या एका मुलाला किंवा मुलीला फुकट जागा, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं. अट एकच, घरातल्या कष्टाळू माणसावर स्वहस्ते निबंध. खाली भाषेच्या शिक्षकाची सही, की हे लेखन विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे. आमच्याकडून वेल्डरची मुलगी ठरली. पोरगी हुशार, आणि आमच्या गावात दहावीच्या पुढे शाळाच नाही. वेल्डरनं तर तिच्यासाठी लोखंडी पेटी करून, रंगवून ठेवलीसुद्धा.

तिचा निबंध आला. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड शून्य. 'माझे वडील केवळ वेल्डर नाहीत, तर ते स्वप्नांचे शिल्पकार आहेत.' मुख्याध्यापक तर विरघळलेच. त्यांनी तो वर्गावर्गात वाचून दाखवला. वाचनात आमच्या साहेबांची मजल लग्नपत्रिकेपर्यंतच, तेव्हा त्यांचं विरघळणं फारसं मनावर घ्यायचं नसतं.

बाईंनी मात्र सही केली नाही. पेनाचं टोक त्यांनी एका ओळीवर टेकवलं. ओळ अशी होती, 'धगधगत्या भट्टीसमोर, भात्याच्या तालावर, ते तापलेल्या लोखंडाला आकार देतात.'

"वेल्डरच्या दुकानात भट्टी कुठली आली हो?" त्यांनी मला विचारलं.

आता ते दुकान रस्त्यावरच आहे, रोज येता-जाता दिसतं. एक मशीन, दोन वायरी. एका वायरीला चिमटा, तो कामाच्या लोखंडाला लावायचा. दुसऱ्या वायरीच्या होल्डरमध्ये रॉड. रॉड टेकवला की ठिणगी. ना भट्टी, ना भाता. त्या दुकानात जी पोर रांगत मोठी झाली ती असं लिहीलच कशी?

मी लगेच शहाणपणा पाजळला. म्हटलं, हे मोबाईलनं लिहिलेलं आहे, आणि ते पकडणारी वेबसाइटही असते. निबंध टाईप करून टाकला. उत्तर आलं, यंत्रानं लिहिल्याची शक्यता चौतीस टक्के. साहेब खूष. म्हणाले, पस्तीसच्या खाली म्हणजे नापास, म्हणजे यंत्राचा नाही, करा सही. हा माणूस आमचा मुख्याध्यापक आहे, काय बोलणार.

बाईंनी निळी वही उघडली आणि आपला 'आई' हा निबंध माझ्यापुढे सरकवला. असले मोबाईल जन्माला यायच्या कितीतरी आधी लिहिलेला. तोही टाकला. एक्क्याण्णव टक्के.

मग मला, लाज वाटत होती तरी, समजावून सांगावं लागलं. यंत्र काय करतं, तर आजवरचं ढीगभर लिखाण पचवून, आधीच्या शब्दांपुढे कुठला शब्द येणं जास्त संभवतं ते बघत एकेक शब्द ठेवत जातं. आणि पकडणारी वेबसाइट काय बघते, तर बहुतेक एवढंच की शब्द किती अपेक्षेप्रमाणे येतायत. गुळगुळीत, सगळ्यांनी वापरून झिजलेलं लिहिलं की तिला माणूसही यंत्र वाटतो. त्यात मराठी तिला जेमतेम येते. तिच्या टक्क्यांवर कुणाला चोर ठरवणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, आणि तो मूर्खपणा मीच सुचवला होता.

"म्हणजे माझे निबंध झिजलेले आहेत," बाई म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग त्यांनी माझा मोबाईल मागितला आणि त्यावरच्या यंत्राला तीनदा तेच विचारलं, वडील लोखंडाचं काम करतात, निबंध लिही. तीन वेगळे निबंध आले. शिल्पकार दोनांत, भट्टी तिन्हींत. एकही पोरीच्या निबंधाशी ओळीला ओळ जुळेना. गाईडमधून चोरलं तर गाईड उघडून पुढे ठेवता येतं. इथे मूळ प्रतच नसते. पुरावा म्हणावा असं हाती काही नव्हतं, होती ती फक्त भट्टी.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला बोलावलं. चोरीचा शब्द काढला नाही. जवळ बसवून विचारलं, दुकानात भट्टी कुठल्या कोपऱ्यात आहे गं? पोरीनं सगळं सांगितलं. काकाच्या मोबाईलवर तिनं लिहिलं होतं, वडील लोखंडाचं काम करतात, बक्षीस मिळेल असा निबंध हवा. आलेलं वहीत उतरवलं. भट्टी खटकली होती, पण वाटलं, निबंधात असंच असतं.

"तू स्वतः का नाही लिहिलंस?"

"मागच्या वर्षी लिहिलं होतं, बाई. तुम्ही परत दिलंत."

ती जुनी वही तिच्या दप्तरातच होती. लाल शाईत बाईंचं अक्षर: 'भाषा घरगुती. सुंदर कल्पना आणा. दहापैकी तीन.' आणि वर पोरीनं लिहिलेलं: 'बाबा रॉड लावायच्या आधी मान फिरव म्हणतात. उजेडानं डोळे जातात. मी मान फिरवते. म्हणून बाबांना काम करताना मी कधी पाहिलंच नाही. फक्त समोरच्या भिंतीवर त्यांची सावली पाहिली आहे.'

बाईंचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांत मी त्यांना वर्गात रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तीन मार्क देणारी मी गाढव."

शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. बाईंनी तिला रिकाम्या वर्गात कोरे कागद देऊन बसवलं, मोबाईल नाही, वही नाही, आणि स्वतः समोर दोन तास बसल्या. जे माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं जाईल त्याच्याखालीच सही करीन, म्हणाल्या. सांगितलं काही नाही, सुधारलं काही नाही. पान-दीड पान झालं, चार चुकांसकट. साहेबांनी आकांडतांडव केलं. शाळेचं नाव, तालुका, संधी, सगळं आठवलं त्यांना. चौतीस टक्केवालाच पाठवा, म्हणे. बाईंनी त्यांच्यापुढे पेन ठेवलं आणि म्हणाल्या, मग खाली सही तुम्ही करा. साहेबांचा हात काही पेनाकडे गेला नाही. असली हिंमत त्यांच्याकडे कधी नव्हतीच. शेवटी वर्गात लिहिलेला निबंधच बाईंच्या सहीनं गेला.

दीड महिन्यानं निकाल आला. आमच्या मुलीला जागा मिळाली नाही. सोबत त्या थोर निवासी शाळेनं पहिला आलेला निबंध छापून पाठवला होता, गुळगुळीत कागदावर, परीक्षकांच्या फोटोसकट. कुणा शिंप्याच्या मुलाचा. पहिलीच ओळ: 'माझे वडील केवळ शिंपी नाहीत, तर ते स्वप्नांचे शिल्पकार आहेत.' खाली परीक्षकांचा अभिप्राय: अस्सल अनुभव. तिघेही पदवीधर. मी तो कागद फाडणार होतो, बाईंनी काढून घेतला.

त्यांनी तो मुलीला दाखवला. लपवणार नाही, म्हणाल्या. माझ्या सहीमुळे तुझी जागा गेली, हेही तोंडावर सांगितलं. पोरीनं निबंध शेवटपर्यंत वाचला. पेटी आठवली असणार तिला. मग तिनं कागद घडी करून परत दिला.

"बाई," ती म्हणाली, "यानंही आपल्या बाबांना काम करताना पाहिलेलं नाही."