महालिंगप्पाचा चुंबकी पट्टा

उमरग्यापासून आठ किलोमीटरवरच्या एका गावात महालिंगप्पाची पिठाची गिरणी आहे. माणूस सरळ, पण पोती उचलून कंबर कायमची धरलेली. ती कंबरच त्याला भोवली.

गेल्या वर्षी उमरग्याच्या बाजारात ईरण्णा नावाच्या टाय घातलेल्या एजंटानं त्याच्या कमरेला एक चुंबकी पट्टा बांधला आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"घट्ट वाटतंय."

"तेच! रक्त धावायला लागलं."

पट्टा तीन हजारांचा. पण पट्टा नुसतं निमित्त. तो घेणाऱ्याला ईरण्णाची कंपनी वर्षभर दर आठवड्याला दोनशे रुपये देणार होती. अट एकच, पाच माणसं जोडायची. जोडलेल्या प्रत्येकामागं वर पाचशे.

घरी आल्यावर बायकोनं, महादेवीनं पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला. "आवो, दोनशेनं वर्षाचं किती झालं?"

"दहा हजार चारशे."

"आन् घेतले तीन हजार. मग वरचं सात हजार चारशे कुठून आणत्यात?"

"नवीन माणसं येत्यात की!"

"त्यास्नी बी दहा हजारच देणार न्हवं? ह्यो पट्टा बाहेरचं कोण घेतंय का?"

"बाहेरच्याला कशाला पायजे? त्येला कुठं दोनशे मिळत्यात!" महालिंगप्पा म्हणाला, आणि आपण फार मोलाचं बोललो असं त्याला वाटलं.

पहिल्या आठवड्याचे दोनशे खरंच मोबाईलवर जमा झाले. त्यानं तो मेसेज दळणाला आलेल्या प्रत्येकाला दाखवला. पाच माणसं झाली. त्यांनी पंचवीस आणली, त्या पंचविसांनी सव्वाशे. दोन महिन्यांत गावातल्या निम्म्या घरांतल्या कमरा आवळल्या गेल्या. देवळात वाकणं कुणाला जमेना. पारावर बसलेला माणूस उठताना दोघांना ओढावा लागे.

आता त्या सव्वाशेंना सव्वासहाशे माणसं पाहिजे होती. गावात घरं तीनशे. त्यातली दीडशे आधीच पट्ट्यात.

मग पळापळ सुरू झाली. शरणप्पा कस्तुराबाईला पटवायला गेला तर ती त्याला पटवायला निघालेली. वाटेत भेट झाली. दोघांनी अर्धा तास एकमेकांना फायदे सांगितले, मग दोघांच्याही कमरेला पट्टा आहे हे लक्षात आलं. शरणप्पानं म्हशीचं नाव 'गौराबाई' म्हणून लिहून पाहिलं, पण कंपनीला आधार कार्ड पाहिजे होतं. शेवटी एक दिवस एसटी थांबली आणि एक अनोळखी पाव्हणा पाणी प्यायला खाली उतरला. चाळीस माणसं पट्टे सावरत त्याच्याकडं धावली. बिचारा पाणी न पिताच गाडीत चढला. त्यानं आतून खिडकीसुद्धा लावली.

त्या आठवड्यात गावातून नवा माणूस जोडला गेला नाही. दोनशेही आले नाहीत. "सर्व्हर डाऊन," ईरण्णा म्हणाला. पुढच्या आठवड्यात ईरण्णाचा फोनच बंद झाला. उमरग्यातल्या ऑफिसला कुलूप होतं.

दळणाचे डबे-पिशव्या घेऊनच सगळं गाव गिरणीवर येऊन ओरडू लागलं. महालिंगप्पा पोत्यांमागं लपला. महादेवी मात्र गिरणी बंद करून पुढं आली आणि तिनं सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"शरणप्पा, तुमची ज्वारी तीन किलो. मी तुमाला धा किलो देते."

ते ऐकून शरणप्पाचा राग निवळला. तिनं त्याची पिशवी भरायला मागच्या तिघांच्या डब्यांतली ज्वारी ओतून घेतली. मग त्या तिघांना धा-धा किलो देण्यासाठी त्यांच्या मागच्यांचे डबे रिते करू लागली.

शेवटी उभी असलेली कस्तुराबाई किंचाळली, "आगं, माझ्या मागं कुणीच न्हाय!"

"मग तुमाला मोकळा डबा. तिथं बी आसंच झालंय. पिकवलं कुणी काय न्हाय, नुसतं मागच्याचं पुढच्याला."

सगळे आपापल्या डब्यांत डोकावले. फक्त शरणप्पानं विचारलं, "मग माझं धा किलो?"

महालिंगप्पा दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेला. अशा साखळीत माणसं जोडणंही गुन्हाच आहे, असं फौजदारानं सांगताच त्यानं न विचारताच सगळं कबूल केलं. कंबर अडतीस, हेही सांगितलं. पाच जणांमागं मिळालेले अडीच हजार त्यानं ज्याचे त्याला परत केले. कंपनीत गेलेले पैसे अजून कुणाला मिळालेले नाहीत. चौकशी चालू आहे.

पुढं महादेवीनं ज्वारीचं पीठ पाकिटांत भरून हायवेवरच्या एका जेवणाच्या हॉटेलाला दिलं. चार दिवसांनी मालक कल्याणप्पाचा फोन आला, आणखी वीस किलो पाहिजे म्हणून.

महालिंगप्पानं सवयीनं विचारलं, "किती माणसं जोडली?"

"जोडली न्हाईत ओ," कल्याणप्पा म्हणाला, "जेवली!"

महालिंगप्पा क्षणभर बुचकळ्यात पडला. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि वीस किलो जोखायला घेतलं.