दोन दुखणी सांगितली, एकच लिहून घेतलं

न्हावरे गावाजवळ मी भाजीच्या रोपांची नर्सरी उभी केली. आता रोपांपेक्षा लॅपटॉपपुढेच जास्त बसते. सकाळपासून फोन खांदा आणि मानेमध्ये धरून ऑर्डर लिहायच्या. चार वाजेपर्यंत पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मध्ये ठणका लागायचा. ते दुखणं मी ओळखून होते. उठून दहा पावलं चालले की कमी व्हायचं, बोटानं दाबलं की नेमकी गाठ सापडायची. रविवारी धाकट्या जाऊबाईकडून पाठ तुडवून घेतली की मोकळी व्हायची.

यंदा दुसरं आलं. मटणाच्या जेवणानंतर तासाभरात छातीखाली पोटात कळ उठायची आणि उजव्या खवाट्याखाली जायची. मळमळायचं. तशात जाऊबाई पाठीवर उभी राहिली.

"ताई, कुठं दाबू?"

"दाब कुठंबी. लागतच न्हाई. दुखतंय आतनं."

"मग मी काय करू? आत उतरू व्हय?"

आम्ही हसलो, कळ हसली नाही. बसा, झोपा, वाका, ती तशीच. दोन-तीन तासांनी आपोआप जायची.

शिरूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दिवसभर बसता ना? खुर्ची बदला. बाम लावा."

"खुर्चीचं मला ठावं हाय. हे दुसरं हाय. जेवणानंतर येतंय."

"मावशी, डॉक्टर तुम्ही का मी?"

मी माल बघितल्याशिवाय सौदा करत नाही आणि यांनी पोटाला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांच्या दारातच मी हे मोठ्यानं बोलले. बाकड्यावरची माणसं बघत राहिली. बघोत. सोबत आलेला नवरा म्हणाला, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दौंडला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी आधी पाठ दाबली, हात वर करायला लावले, मान वळवायला लावली. "हे जुनं दुखणं, स्नायूंचं," म्हणाल्या. मग उजव्या फासळीखाली बोटं रोवून म्हणाल्या, "आता श्वास घ्या." श्वास अर्ध्यातच अडकला.

"पित्ताशयाचं दिसतंय. सोनोग्राफी करू. त्याची कळ पाठीत जाऊन बोलते, म्हणून पाठ दाबून ती सापडत नाही."

खडे निघाले. ऑपरेशन झालं.

टाके सुकल्यावर रिपोर्ट घेऊन मी शिरूरला गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "पण पाठीचं दुखणंही होतंच की."

"व्हय, हाय अजून. आज चार वाजता परत दुखंल, आन् मी उठून चालंन. मी दोन सांगितली होती. तुम्ही एकच लिहून घेतलं."

त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "बसा." मी उभीच राहिले. दुसरं लिहून होईपर्यंत.