सातव्या स्लाइडवरची एफडी

ठाण्याच्या एका कॉलेजात मी फायनान्स शिकवतो. पैशाचं कालमूल्य या धड्याच्या माझ्या बावीस स्लाइड्स आहेत आणि त्यातली सातवी बाबांच्या एफडीची होती. पंधरा लाख रुपये, दहा वर्षं. मोठ्या बँकेत सात टक्के, सहकारी बँकेत आठ. एका टक्क्याने शेवटी जवळजवळ तीन लाखांचा फरक पडतो, हे पाहिल्यावर मुलं मान वर करत. खऱ्या आयुष्यात बाबा दर महिन्याला व्याज काढून घर चालवत. स्लाइडवर मात्र मी त्यांना एक पैसा काढू दिला नव्हता, कारण चक्रवाढ दाखवायची होती.

ते पैसे आठ टक्क्यांच्या बँकेत ठेवायला मीच सांगितलं होतं. बाबांचं मत वेगळं होतं. "एका टक्क्यासाठी कशाला उड्या मारायच्या?" असं ते म्हणाले होते, आणि मी त्यांना डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तीच स्लाइड दाखवली होती. नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस. तरी मुलगा प्रोफेसर आहे म्हणून त्यांनी ऐकलं.

मग एका सकाळी त्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पैसे काढणं बंद झालं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. शाखेच्या बंद शटरसमोर बाबांच्या ओळखीची माणसं मोठमोठ्याने बोलत होती, एक बाई रडत होती, आणि मी मोबाइलवर ठेवींच्या विम्याचे नियम वाचत उभा होतो. काही महिन्यांनी विम्याचे पाच लाख मिळाले. दहा लाख अडकून पडले, आणि महिन्याचे साधारण दहा हजार बंद झाले. बाबांनी पेपर बंद केला, दुपारचा चहा बंद केला. मी पैसे देऊ केले तर "लागले की मागीन" म्हणाले. मागितले नाहीत.

पुढे बँकेची योजना आली. अडकलेल्या रकमेसाठी दोन पर्याय होते. पर्याय अ : साठ टक्के रक्कम लगेच घ्या आणि उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडा. पर्याय ब : पूर्ण रक्कम दहा वर्षांनी घ्या, बिनव्याजी. फॉर्मवर खूण करून पंधरा दिवसांत द्यायचं होतं. बाबांच्या सोसायटीत त्या बँकेत पैसे असलेली आठ-दहा घरं होती, सगळी निवृत्त मंडळी. जवळपास सगळ्यांना ब हवा होता. आपले पैसे आपण का सोडायचे, हा त्यांचा प्रश्न होता. सेक्रेटरींनी मला फोन केला, "अरे, तू हेच शिकवतोस ना? रविवारी येऊन समजावून सांग."

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी कॉलेजचाच प्रोजेक्टर लावला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर वही. मी सांगितलं, चक्रवाढ आपल्याला पुढे नेते, आज इथे ती उलटी चालवायची आहे. आज सात टक्क्यांची एफडी मिळते असं धरू. वर्षभराने मिळणाऱ्या दहा लाखांना एक पूर्णांक शून्य सातने भागलं की नऊ लाख पस्तीस हजार येतात. म्हणजे आज एवढे बँकेत ठेवले तर वर्षाने दहा लाख होतील. तसंच दहा वेळा भागायचं. पाचव्या वर्षाला सात लाख तेरा हजार. दहाव्याला पाच लाख आठ हजार.

मी आकडा पुन्हा वाचला. दहा वर्षांनी मिळणारे दहा लाख म्हणजे आजचे पाच लाख आठ हजार, आणि बँक आज सहा देते आहे. सहा लाख सात टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर अकरा लाख ऐंशी हजार होतात.

"आणि व्याजदर पडले तर?" मागून एका काकांनी विचारलं.

"सव्वापाच टक्क्यांच्या खाली आले आणि दहा वर्षं तिथेच राहिले, तर ब बरा," मी म्हणालो. प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गात तो कधी कोणी विचारला नाही.

एका काकू म्हणाल्या, "दहा वर्षांनी मी नव्वदची होईन रे. मला कसलं आलंय गणित." लोक हसले. मग पेनं निघाली आणि बऱ्याच जणांनी तिथेच अ वर खूण केली. माझे आभार मानले गेले, नारळ मिळाला. ज्याच्या सल्ल्याने बाबांचे पैसे अडकले होते तो मीच, हे तिथे फक्त बाबांना माहीत होतं. लाज वाटायला हवी होती. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसलो.

वर घरी गेल्यावर बाबांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. बँकेचं कार्यालय ठाण्यात होतं, मी जाताना द्यायचा होता. खूण ब वर होती.

"बाबा, चुकून खूण केलीत का?"

"नाही."

"मी खाली काय सांगितलं ते..."

"कळलं. पाच लाख आठ हजार तीनशे एकोणपन्नास." त्यांनी वही दाखवली. दहाही भागाकार हाताने केले होते, प्रत्येक पायरी एकाखाली एक. "तुझं बरोबर आहे."

"मग? सहा लाखांचे महिन्याला साडेतीन हजार तरी येतील. तुम्ही एकोणऐंशीचे आहात."

"वय मला माहीत आहे." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "अ घेतला तर इथे सही करावी लागते. उरलेल्या रकमेवर माझा हक्क नाही. म्हणजे चार लाख बुडाले, असं मी लिहून द्यायचं. तू ठेवायला सांगितलेले पैसे बुडाले असं मी लिहून देणार नाही. पूर्ण येतील. नॉमिनी तूच आहेस."

मी बराच वाद घातला. त्यांनी भात लावला. तेवढ्यात मला कळून चुकलं की हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं गणित करून मुद्दाम चुकीचं उत्तर देतो आहे, आणि ते माझ्यासाठी.

सोमवारी मी बँकेच्या कार्यालयात रांगेत उभा राहिलो. ब वर एक काट, अ वर एक खूण आणि हक्क सोडल्याची एक सही एवढंच करायचं होतं, आणि बाबांची सही मला शाळेपासून जमते. फॉर्म तसाच दिला. शिक्का मारलेली प्रत घेतली, चहा प्यायलो, लेक्चरला गेलो.

सातवी स्लाइड मी आता बदलली आहे. तिच्यात दहा लाख आहेत, दहा वर्षं, सात टक्के, आणि दोन पर्याय. परवा मुलांनी कॅल्क्युलेटरवर उत्तर काढलं आणि एका मुलीने विचारलं, "पण सर, हे सगळं माहीत असून ब कोण घेईल?"

"माझे बाबा," मी म्हणालो.

वर्ग खो खो हसला. त्यांना वाटलं सरांनी जोक मारला. मी हशा थांबेपर्यंत उभा राहिलो, मग आठवी स्लाइड लावली.