सभेच्या नोटिशीतला शेवटून दुसरा विषय

व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस किती ओळी वाचतो, यावरून माझं आणि सासऱ्यांचं एका शनिवारी सकाळी चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, फार तर सहा. त्यांचं म्हणणं, विषय महत्त्वाचा असेल तर माणूस सगळं वाचतो. हे म्हणणारा माणूस कुठल्याही अ‍ॅपच्या अटी न वाचता ‘अ‍ॅग्री’ दाबून मोकळा होतो, ही गोष्ट वेगळी.

सासरे, म्हणजे बाबा, गावाकडच्या एका सहकारी बँकेत मुख्य कार्यालयात अधिकारी होते. वार्षिक सभेची नोटीस वर्षानुवर्षं त्यांनीच काढली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला आले आणि राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मॅडम आता बँकेचा सभासद विभाग बघतात. त्यांचा त्या आठवड्यात फोन आला होता. “साहेब, नोटीस तयार आहे, पण छापील नोटीस कोणी उघडत नाही हो. ग्रुपवर आणि फेसबुकवर तिचा फोटो टाकायचाय. त्याखाली थोडक्यात मजकूर द्याल का लिहून?”

बाबा त्या दिवशी गुडघ्याचं दुखणंसुद्धा विसरले. जुलैत त्यांचा गुडघा बदलला होता, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता आणि बाहेर तर पाय ठेवायची सोय नाही असं ऊन. अशा माणसाला कोणीतरी काम दिलं, याचा मलाच जास्त आनंद झाला. म्हटलं, चला, आता इथे बसून उंटावरून शेळ्या हाका.

त्यांनी लिहिलेला ‘थोडक्यात मजकूर’ फोनवर चार वेळा वर सरकवावा लागत होता. ‘तरी सर्व सन्माननीय सभासदांनी वेळेवर उपस्थित राहण्याची कृपा करावी’ यायच्या आधीच माणसाचा चहा गार झाला असता.

“बाबा, हे कॅप्शन आहे. नोटीस वरच्या फोटोत आहेच ना? खाली फक्त कधी, कुठे, कशासाठी आणि काय घेऊन यायचं.”

“मग कर तू. तुम्हा लोकांना सगळं चिमटीत हवं.”

मी लॅपटॉप ओढला. सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाला. ठिकाण, मुख्य कार्यालयामागचं सभागृह. “लिफ्ट आहे असं लिही,” बाबा म्हणाले. “आमचे निम्मे सभासद जिना बघून परत जातील.” ते मला सुचलं नसतं. मग मी एक ओळ उडवली: गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.

“ही कायद्याची ओळ आहे,” बाबा म्हणाले.

“फोटोतल्या नोटिशीत राहू दे. खाली लिहिली की लोक अर्ध्या तासाने येतात.”

यावर ते खो खो हसले. म्हणाले, “आमच्याकडे सगळे साडेदहालाच येतात. दहाला फक्त मी आणि माइकवाला.” ती ओळ त्यांनी सोडून दिली.

विषयांवर गाडी अडली. मागच्या सभेचं इतिवृत्त, वार्षिक अहवाल आणि ताळेबंद, लाभांश, लेखापरीक्षकांची नेमणूक, हे ठेवलं. शेवटचा ‘ऐनवेळचे विषय’ही ठेवला. त्याच्या आधीचा होता, ‘गैरहजर सभासदांची गैरहजेरी क्षमापित करणे’. तो मी पुसला. जे येणारच नाहीत त्यांच्यासाठी येणाऱ्यांची ओळ कशाला खर्च करायची?

“तो ठेव.”

“बाबा, कोण वाचणारे तो?”

“ठेव म्हटलं ना!” आवाज चढला. आमच्या घरात बाबांचा आवाज चढत नाही. मीही काही कमी नाही, मीही चढवला. मी चहा केला, आलं जरा जास्तच ठेचलं.

चहा झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. बँकेच्या उपविधीप्रमाणे सलग पाच वर्षांत सभासदाने निदान एका वार्षिक सभेला हजर राहायला हवं. नाही राहिला तर तो अक्रियाशील सभासद ठरतो. शेअर राहतात, लाभांश येतो, पण मत जातं. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येत नाही, सहकारात एक सभासद एक मत. सुटका एकच, लेखी अर्ज द्यायचा आणि सभेने गैरहजेरी क्षमापित करायची.

“मला इथे येऊन चार सभा झाल्या,” ते म्हणाले. “दर वर्षी वाटायचं, या वर्षी जाईनच, म्हणून अर्जच केला नाही. ही पाचवी. आणि हा गुडघा.”

या माणसाचं गावातलं घर भाड्याने दिलेलं, गॅसचं कनेक्शन परत केलेलं, टेलिफोन कधीच काढलेला. त्या गावात त्यांना अजून विचारलं जाईल अशी ही एकच जागा उरली होती. मला फार वाईट वाटलं आणि तो विषय मी परत लिहिला. नुसता लिहिला नाही, त्याचं भाषांतर केलं. ‘क्षमापित’ हा शब्द वाचून कोणाला काय कळणार? शेवटी मजकूर असा झाला:

*आपल्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा. या महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी १० वाजता. मुख्य कार्यालयामागचं सभागृह, लिफ्ट आहे.*
*विषय: मागील इतिवृत्त, अहवाल व ताळेबंद, लाभांश, लेखापरीक्षक, गैरहजर सभासदांना माफी, ऐनवेळचे विषय.*
*सोबत आणा: सभासद ओळखपत्र, नसल्यास फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, आणि अहवालाची प्रत.*
*अहवालावर प्रश्न असल्यास आठ दिवस आधी लेखी द्या.*
*येणं शक्य नाही? सहीचा अर्ज आठ दिवस आधी पाठवा. तुमचं मत शाबूत राहील.*

बाबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. “शाबूत हा काही कायद्याचा शब्द नाही,” म्हणाले, पण बदलला नाही. मॅडमनी मजकूर तसाच ग्रुपवर टाकला. बाबांनी स्वतःचा अर्ज कुरिअरने पाठवला, मेलवर पाठवू म्हटलं तर ऐकेनात.

सभा झाली तेव्हा इथे शनिवारची रात्र होती. बाबा ठरल्या वेळी झोपले, किंवा तसं दाखवलं. रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

“साहेब, मंजूर झालं. अर्ज इतके आले, की नावं वाचायलाच वेळ लागला. कोणी मुलीकडे पुण्याला, कोणी अंथरुणावर, दोन जण दुबईला. आधी कधी इतके आले नव्हते.”

“सूचक कोण?” बाबांनी विचारलं. ठराव कोणी मांडला हे बँकेच्या माणसाला आधी कळायला हवं.

मॅडमनी नाव सांगितलं आणि बाबांचा हात कपावरच थांबला. हे गृहस्थ दर वर्षी ताळेबंदाची चिरफाड करायला उभे राहायचे. एका सभेत त्यांनी बाबांना तासभर माइकसमोर उभं करून घाम फोडला होता. दोघं एकमेकांशी रस्त्यातही बोलत नसत.

“त्यांनीच हात वर केला,” मॅडम हसत होत्या. “आणि म्हणाले, इतिवृत्तात लिहून घ्या, पुढच्या वर्षी साहेबांना माफी नाही. माझे प्रश्न राहिलेत.”

बाबांनी फोन ठेवला. डोळे पुसले, चष्म्याची काच पुसतोय असं दाखवलं. माझेही भरून आले होते, मी काही दाखवलं नाही.

“लॅपटॉप आण,” ते म्हणाले. “पुढच्या सप्टेंबरचं तिकीट आत्ता मिळतं का बघ. आणि मॅडमना अहवाल पाठवायला सांग. तो लेकाचा काय विचारणार ते मला आत्ताच कळलंय.”