सत्तेचाळीस हॉर्सपॉवरची मोटर

बारावीला मंठ्याच्या क्लासमध्ये सकाळची बॅच सर स्वतः शिकवायचे. तिथे कोण बसणार ते चाचणीवर ठरायचं. मला ती बॅच हवीच होती, आणि ती एका प्रश्नाने हुकली. माझं डोकंच फिरलं, कारण त्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर आहे याची मला खात्री होती.

प्रश्न असा: एक पंप मिनिटाला तीनशे लिटर पाणी बारा मीटर वर चढवतो, तर त्याची शक्ती किती? मी ५८८ वॅटवर खूण केली होती. सरांच्या उत्तरपत्रकात ३५ किलोवॅट होतं. तोही पर्याय छापलेला होताच.

"सर, हे चुकलंय," मी उभी राहून म्हणाले.

"फोटो काढून ॲपवर सोडवलंय मी. ते चुकत न्हाई. बस खाली."

मी कसली बसते! "सर, पस्तीस किलोवॅट म्हणजे सत्तेचाळीस हॉर्सपॉवर. आमच्या वाटूरच्या विहिरीवर पाचची मोटर आहे, अन् ती याच्यापेक्षा जास्त पाणी फेकती."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "मंग दाखव."

मी फळ्यावर लिहू लागले. मिनिटाला तीनशे लिटर म्हणजे सेकंदाला पाच, म्हणजेच पाच किलो. त्याचं वजन साधारण पन्नास न्यूटन, गुणिले बारा मीटर, सहाशेच्या आसपास. एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. मग ॲपने केली असणार ती पायरी शेजारी मांडली: ३०० गुणिले ९.८ गुणिले १२, म्हणजे ३५,२८०. "सर, हे तीनशे किलो मिनिटाचे आहेत. म्हणून हे ज्यूल दर मिनिटाला झालं. वॅट म्हणजे ज्यूल दर सेकंदाला. साठनं भागायचं राहिलंय." भागलं. ५८८.

"पण मिनिट त्यानं सोडलं कसं?" सर पुटपुटले आणि मोबाईल काढून तो फोटो शोधू लागले. सापडला. फोटो नीटनेटका दिसावा म्हणून त्यांनी चौकट ओढून कडा छाटल्या होत्या, आणि 'एक पंप मिनिटाला' ही वरची ओळच बाहेर राहिली होती. बिचाऱ्या ॲपने तीनशे लिटर सेकंदाला धरले. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी दोन सेकंदांत भरणारा पंप! आणि उत्तर पर्यायांत सापडल्यावर सरांनी पुन्हा पाहिलं नव्हतं.

त्यांनी सगळ्यांसमोर पूर्ण प्रश्नाचा नवा फोटो काढला. स्क्रीनवर ५८८ उमटलं आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. मला इतका आनंद झाला की खडू हातातच मोडला.

सरांनी फळ्यावरच्या बॅचच्या यादीत माझा नंबर वर चढवला. "उद्यापासून सकाळी ये. जल्दी ये, बाकीची उत्तरं मला एकट्याला तपासायची न्हाईत."